ग्रुप फोटोत कोण कुठे? अटी असलेल्या मांडण्या मोजण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

फोटोसाठी माणसं रांगेत बसवण्याचं गणित आलं की बहुतेक जण आधी विचारतात, ‘हे पर्म्युटेशनचं आहे की कॉम्बिनेशनचं?’ मग त्या उत्तरानुसार एक सूत्र निवडतात आणि प्रश्नातले सगळे आकडे त्यात बसवायला जातात. तपासलेल्या वह्यांमध्ये मला सर्वांत जास्त चुका इथेच सापडतात. अटी असलेल्या गणितात क्रमाला महत्त्व आहे की नाही, हे अख्ख्या गणितासाठी एकदाच ठरवता येत नाही. एकाच गणितात एका पायरीवर क्रम मोजायचा नसतो आणि पुढच्याच पायरीवर तो मोजावा लागतो. म्हणून हा प्रश्न प्रत्येक पायरीला नव्याने विचारायचा.

खाली एकच गणित सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवलं आहे. शेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर माझा आकडा बघण्याआधी तुमचा लिहा.

## हातातलं गणित

एका कुटुंबातल्या ९ जणांचा फोटो काढायचा आहे: आजी, आजोबा, आई, बाबा, काका, काकू, दादा, ताई आणि छोटू. पुढे ४ खुर्च्या आहेत, मागे ५ जण उभे राहणार आहेत. अटी तीन:

- आजी आणि आजोबा पुढच्या रांगेत, एकमेकांच्या शेजारी बसतील.
- दादा सर्वांत उंच आहे, म्हणून तो मागे उभा राहील.
- ताई आणि छोटू एकमेकांना ढकलतात, म्हणून ते शेजारी-शेजारी नकोत.

असे किती वेगवेगळे फोटो निघू शकतात?

## टप्पा १: नेमकं काय मोजायचं आहे, ते एका वाक्यात लिहा

सूत्र लिहिण्याआधी हे वाक्य वहीत उतरवा: ‘दोन फोटो वेगळे कधी मानायचे?’ आपल्या गणितात उत्तर असं आहे: एखाद्या जागेवरचा माणूस बदलला की फोटो वेगळा.

हे उघडच आहे असं वाटेल, पण त्याच ९ जणांवर आणि त्याच दोन रांगांवर तीन वेगळे प्रश्न विचारता येतात. सध्या अटी बाजूला ठेवू.

पहिला प्रश्न: पुढे कोणते ४ जण बसतील? इथे फक्त नावांची यादी हवी आहे. आजी पहिल्या खुर्चीवर आहे की तिसऱ्या, याच्याशी प्रश्नाला देणंघेणं नाही. ९ जणांतून ४ निवडायचे, म्हणजे C(९, ४) = १२६.

दुसरा प्रश्न: कोण कोणत्या जागी असेल? इथे जागा ९ आणि माणसं ९, दोन्ही वेगवेगळी ओळखू येणारी. उत्तर ९! = ३,६२,८८०.

तिसरा प्रश्न: ४ जण पांढऱ्या कपड्यांत आणि ५ जण निळ्या कपड्यांत आहेत, लांबून पाहणाऱ्याला फक्त रंग दिसतात, तर रंगांचे किती नमुने दिसतील? उत्तर पुन्हा C(९, ४) = १२६.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सारखं आलं, तरी दोन्हींत निवडलं काय ते वेगळं आहे. पहिल्यात आपण ४ माणसं निवडली. तिसऱ्यात ९ जागांपैकी पांढऱ्या रंगासाठी ४ जागा निवडल्या. पांढऱ्या कपड्यांतल्या दोघांनी जागा बदलल्या तरी नमुना तोच राहतो, म्हणून त्यांचा क्रम मोजला नाही.

यातून एक कसोटी हाती येते. मी तिला अदलाबदलीची कसोटी म्हणतो. एखाद्या पायरीवर जे दोन निवडले, त्यांची आपापसात अदलाबदल करा. त्या पायरीनंतर कागदावर जे लिहिलं जाणार होतं ते बदललं, तर क्रम मोजायचा. तेच राहिलं, तर क्रम मोजायचा नाही. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हीच कसोटी लावायची आहे.

तपासून पाहा: प्रश्नात ‘किती प्रकारे निवडता येईल’ असं लिहिलंय की ‘किती प्रकारे बसवता येईल’? पण नुसत्या शब्दावर विसंबू नका. ‘अध्यक्ष आणि सचिव निवडा’ यातही ‘निवडा’ आहे, तरी दोघांची अदलाबदल केली की निकाल बदलतो.

## टप्पा २: चौकटी काढा आणि ‘शेजारी’ म्हणजे काय ते ठरवा

कागदावर पुढे ४ आणि त्यांच्या वर ५ चौकटी काढा. ही आकृती टाळून गणित करणारे दोन ठिकाणी हमखास अडकतात.

पहिलं ठिकाण म्हणजे रांगेचं टोक. पुढच्या रांगेतली शेवटची खुर्ची आणि मागच्या रांगेतली पहिली जागा या शेजारी-शेजारी नाहीत. पण ९ माणसं एकाच लांब रांगेत असल्यासारखी लिहिली, तर त्या शेजारी वाटू लागतात. एका रांगेत ९ जागा असतील तर शेजारच्या जागांच्या जोड्या ८ असतात. ४ आणि ५ अशा दोन रांगांत त्या ३ + ४ = ७ असतात. फरक एकाच जोडीचा, पण तो उत्तरात मोठा दिसतो. कुठलीही दुसरी अट नसताना ताई आणि छोटू शेजारी येण्याचे प्रकार एका रांगेत ८ × २ × ७! = ८०,६४० होतात, तर दोन रांगांत ७ × २ × ७! = ७०,५६० होतात. यातला २ म्हणजे जोडीत डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण, आणि ७! म्हणजे उरलेल्या ७ जणांची मांडणी.

दुसरं ठिकाण म्हणजे गोल टेबलाचं सूत्र. गोल टेबलाभोवती बसवताना सगळे एकेक खुर्ची सरकले तरी मांडणी तीच मानतात, म्हणून तिथे (n − १)! येतं. फोटोला डावी बाजू असते आणि उजवी बाजू असते. सगळे एक जागा सरकले तर वेगळा फोटो होतो, आणि रांग उलटी केली तरी वेगळा फोटो होतो. म्हणून इथे कशानेही भागायचं नाही.

सावधान: ‘शेजारी’मध्ये पुढे-मागे असणं धरायचं का, हे प्रश्नात सांगितलेलं नसेल तर तुम्ही काय धरलं ते उत्तराच्या सुरुवातीला लिहा. आपण फक्त एकाच रांगेतलं शेजारीपण धरत आहोत.

## टप्पा ३: अटी कोणत्या क्रमाने लावायच्या ते ठरवा

अटी प्रश्नात ज्या क्रमाने लिहिल्या आहेत, त्याच क्रमाने लावायला हव्यात असं मुळीच नाही. मी हा क्रम पाळतो: आधी कुणाची रांग पक्की आहे ते, मग रांगांत वाटणी, मग ‘शेजारी हवेत’, आणि सर्वांत शेवटी ‘शेजारी नकोत’.

‘शेजारी नकोत’ शेवटी ठेवण्याचं कारण सरळ आहे. ताई पुढे आणि छोटू मागे असेल, तर ती अट आपोआप पाळली जाते. दोघं एकाच रांगेत असतील तरच तिचं काम पडतं. म्हणजे कोण कुठल्या रांगेत आहे हे ठरल्याशिवाय ही अट लावताच येत नाही. जे आधीच ताई-छोटूला हात घालतात, ते पुढे गेल्यावर परत मागे येतात आणि तिथे एखादा प्रकार दोनदा मोजतात किंवा विसरतात.

आपल्या गणितात आजी-आजोबा पुढे पक्के आहेत, दादा मागे पक्का आहे. उरले ६ जण: आई, बाबा, काका, काकू, ताई, छोटू. यांतले २ पुढे बसणार आणि ४ मागे उभे राहणार.

## टप्पा ४: रांगा वाटून घ्या (इथे क्रम मोजायचा नाही)

६ जणांतून पुढे बसणारे २ निवडायचे आहेत. कसोटी लावा. समजा आई आणि काका निवडले. ‘आधी काका, मग आई’ असं निवडलं असतं तर पुढे बसणाऱ्यांची यादी बदलली असती का? नाही. कोण कुठल्या खुर्चीवर बसेल हे आपण अजून ठरवलेलंच नाही. म्हणून C(६, २) = (६ × ५) ÷ २ = १५.

पुढे तिसरी अट लागणार आहे, म्हणून या १५ निवडी ताई-छोटूच्या जागेनुसार तीन भागांत मोडून ठेवू.

भाग १: ताई आणि छोटू दोघंही पुढे. अशी निवड १.

भाग २: दोघांपैकी एकच पुढे. तो एक निवडायचे २ प्रकार, आणि त्याच्यासोबत चार मोठ्यांपैकी एक निवडायचे ४ प्रकार. २ × ४ = ८.

भाग ३: दोघंही मागे. मग पुढचे दोघं चार मोठ्यांतून, C(४, २) = ६.

१ + ८ + ६ = १५. जुळलं.

भाग २ आणि भाग ३ जरा शेजारी ठेवून पाहा, कारण गोंधळ सर्वांत जास्त इथे होतो. भाग २ मध्ये २ × ४ केलं आणि कशानेही भागलं नाही. भाग ३ मध्ये मात्र ४ × ३ = १२ करून २ ने भागलं. असं का?

भाग ३ मध्ये दोघंही एकाच गटातून येतात. ‘पहिला आई, दुसरा काका’ आणि ‘पहिला काका, दुसरी आई’ हे दोन्ही १२ मध्ये वेगवेगळे मोजले गेले, पण यादी एकच. प्रत्येक यादी दोनदा आली, म्हणून २ ने भागायचं. भाग २ मध्ये एक मुलांतून आणि एक मोठ्यांतून येतो. ‘मुलांतून ताई, मोठ्यांतून काका’ ही यादी ८ मध्ये एकदाच येते, कारण काका मुलांतून येऊच शकत नाही. जे दोनदा मोजलंच नाही, त्याला भागायचं कशाला? भागाकार करण्याआधी दरवेळी हे विचारा: एकच यादी मी खरंच एकापेक्षा जास्त वेळा लिहिली का?

सावधान: ‘निदान एक’ असा शब्द आला की एक जुनी फसगत वाट बघत असते. समजा प्रश्न असता: ताई-छोटूपैकी निदान एक जण पुढे असेल अशा निवडी किती? अनेक जण आधी दोघांपैकी एक पक्का करतात (२ प्रकार) आणि मग उरलेल्या ५ जणांतून कुणीही एक घेतात (५ प्रकार). उत्तर १० येतं. बरोबर उत्तर १ + ८ = ९ आहे. जास्तीचा १ आला कुठून? ‘ताई आणि छोटू’ ही यादी एकदा ताईला पक्कं करून आली आणि एकदा छोटूला पक्कं करून. ‘निदान एक’ असेल तर एक तर भाग पाडा, नाहीतर एकूणमधून ‘एकही नाही’ वजा करा: १५ − ६ = ९.

## टप्पा ५: पुढची रांग बसवा (आता क्रम मोजायचा)

पुढे बसणारे ठरले: आजी, आजोबा आणि आणखी दोघं. आता खुर्च्या द्यायच्या. कसोटी पुन्हा लावा. दोघांनी खुर्च्या बदलल्या तर फोटो बदलतो. म्हणजे इथून पुढे क्रम मोजायचा.

आजी-आजोबा शेजारी हवेत, म्हणून त्यांची जोडी बांधा आणि तिला तात्पुरता एकच माणूस समजा. आता बसवायच्या वस्तू ३ झाल्या: जोडी आणि ते दोघं. त्यांच्या मांडण्या ३! = ६. पण जोडीच्या आत आजी डावीकडे की आजोबा डावीकडे, हे अजून उरलं आहे. त्याचे २ प्रकार. एकूण ६ × २ = १२.

तपासून पाहा: ४ खुर्च्यांत शेजारच्या जागांच्या जोड्या ३. त्यांतली एक जोडी आजी-आजोबांना दिली, आत २ प्रकार, उरलेल्या २ खुर्च्यांवर उरलेले दोघं २ प्रकारे. ३ × २ × २ = १२. दोन वाटांनी तोच आकडा आला.

जोडीच्या आतले २ प्रकार विसरणं ही या टप्प्यावरची नेहमीची चूक. जोडी ‘एक माणूस’ समजली की डोक्यातही ती एकच होऊन बसते. मी जोडी लिहिताना तिच्याभोवती चौकट काढतो आणि चौकटीवर लगेच ‘× २’ लिहून ठेवतो, मांडण्या मोजायला घेण्याआधीच.

## टप्पा ६: ‘शेजारी नकोत’ ही अट एकेका भागाला लावा

आता टप्पा ४ मधले तीन भाग एकेक घ्या. हा टप्पा घाईने करू नका.

### भाग १: ताई आणि छोटू दोघंही पुढे

पुढे आजी, आजोबा, ताई, छोटू. आजी-आजोबा जोडून १२ मांडण्या आहेत. यांतून ताई-छोटू शेजारी असलेल्या वगळायच्या. दोन्ही जोड्या बांधल्या तर वस्तू २, त्यांच्या मांडण्या २, आजी-आजोबांच्या जोडीच्या आत २, ताई-छोटूच्या जोडीच्या आत २. म्हणजे २ × २ × २ = ८. उरल्या १२ − ८ = ४.

आकडा इतका लहान आहे की थेट लिहून बघता येतो:

- ताई, आजी, आजोबा, छोटू
- ताई, आजोबा, आजी, छोटू
- छोटू, आजी, आजोबा, ताई
- छोटू, आजोबा, आजी, ताई

बरोबर ४. आजी-आजोबा मध्ये बसले तरच मुलं वेगळी होतात, हे यादी बघितल्यावर लगेच कळतं. जिथे आकडा १२ च्या आत असेल तिथे यादी लिहाच, त्याहून खात्रीशीर पडताळा मला माहीत नाही.

मागे दादा आणि चार मोठे, म्हणजे ५ जण. त्यांच्यावर कुठलीच अट उरलेली नाही: ५! = १२०.

भाग १ चे एकूण: १ × ४ × १२० = ४८०.

### भाग २: एक पुढे, एक मागे

दोघं वेगळ्या रांगेत आहेत, म्हणून तिसरी अट आपोआप पाळली जाते. निवडी ८, पुढची रांग १२, मागची रांग १२०.

८ × १२ × १२० = ११,५२०.

### भाग ३: ताई आणि छोटू दोघंही मागे

निवडी ६, पुढची रांग १२. मागे दादा, ताई, छोटू आणि दोन मोठे. या ५ जणांत ताई-छोटू शेजारी नकोत.

एक वाट वजाबाकीची: एकूण १२०. दोघांची जोडी बांधली तर वस्तू ४, म्हणजे ४! × २ = ४८. उरले १२० − ४८ = ७२.

दुसरी वाट फटींची. आधी बाकीचे तिघं उभे करा: दादा आणि दोन मोठे, ३! = ६ प्रकारे. त्यांच्या आजूबाजूला ४ फटी तयार होतात: सर्वांत डावीकडे एक, मध्ये दोन, सर्वांत उजवीकडे एक. ताई आणि छोटूला वेगवेगळ्या फटींत उभं केलं की त्यांच्यामध्ये कुणीतरी असणारच. आता फटी निवडायच्या. पण इथे थांबा आणि कसोटी लावा. पहिली आणि तिसरी फट निवडली. ताई पहिल्या फटीत आणि छोटू तिसऱ्या फटीत, की उलट? अदलाबदल केली तर फोटो बदलतो. म्हणून ४ × ३ = १२, आणि त्याला २ ने भागायचं नाही. ६ × १२ = ७२. दोन्ही वाटा जुळल्या.

सावधान: फटींच्या पद्धतीत C(४, २) = ६ घेऊन पुढे जाणं ही फार पसरलेली चूक आहे. C(४, २) ने फक्त कोणत्या दोन फटी वापरायच्या ते ठरतं. कोण कुठल्या फटीत, ते उरतंच. C वापरायचं असेल तर त्यापुढे × २! लिहायलाच हवं.

भाग ३ चे एकूण: ६ × १२ × ७२ = ५,१८४.

## टप्पा ७: बेरीज करा आणि उलट्या बाजूने पडताळा

४८० + ११,५२० + ५,१८४ = १७,१८४.

आता हेच उत्तर दुसऱ्या बाजूने काढू. तिसरी अट विसरून एकूण किती? निवडी १५, पुढची रांग १२, मागची १२०: १५ × १२ × १२० = २१,६००. यांतून ताई-छोटू शेजारी आलेले फोटो वजा करायचे.

दोघं पुढे आणि शेजारी: १ × ८ × १२० = ९६०.
दोघं मागे आणि शेजारी: ६ × १२ × ४८ = ३,४५६.

एकूण ४,४१६. आणि २१,६०० − ४,४१६ = १७,१८४.

हा पडताळा उत्तर आल्यावर करण्यापेक्षा त्याचा पहिला आकडा, म्हणजे २१,६००, आधीच काढून कोपऱ्यात लिहून ठेवा. अट वाढली की प्रकार वाढू शकत नाहीत. तुमचं उत्तर या आकड्याच्या वर गेलं, तर पुढचं काही न तपासता ते चूक आहे असं समजा.

रांगा वाटून मग बसवण्याच्या पद्धतीवरच शंका असेल, तर सगळ्या अटी काढून ती चालवून बघा. ९ जणांतून पुढचे ४ निवडले, ते ४! प्रकारे बसवले, मागचे ५ जण ५! प्रकारे उभे केले: १२६ × २४ × १२० = ३,६२,८८०. हे बरोबर ९! आहे, टप्पा १ मधल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आधी निवड आणि मग मांडणी असे दोन भाग केले म्हणून एकही फोटो सुटला नाही किंवा दोनदा आला नाही.

## टप्पा ८: उत्तर जुळत नसेल तर चूक कुठे आहे ते आकड्यावरून शोधा

पुन्हा पहिल्यापासून सोडवण्याआधी तुमचं उत्तर आणि १७,१८४ यांच्यातला संबंध बघा. चूक कुठल्या पायरीवर झाली ते बहुतेक वेळा आकडाच सांगतो.

३४,३६८ आलं, म्हणजे बरोबर दुप्पट. तुम्ही टप्पा ४ मध्ये पुढचे दोघं क्रमाने निवडले (६ × ५ = ३०) आणि टप्पा ५ मध्ये त्यांना पुन्हा बसवलं. एकच क्रम दोनदा मोजला गेला. निवडताना क्रम मोजायचाच असेल, तर तेव्हाच त्यांच्या खुर्च्याही पक्क्या करा. दोन्ही ठिकाणी मोजू नका.

८,५९२ आलं, म्हणजे बरोबर निम्मं. आजी-आजोबांच्या जोडीच्या आतले २ प्रकार सगळीकडे राहिले. फोटोची रांग उलटी केली तर तोच फोटो, असं समजून शेवटी २ ने भागलं तरी हाच आकडा येतो.

२२,३६८ आलं. हा आकडा २१,६०० च्या वर आहे, म्हणजे तो तपासणीत तिथेच पकडला जायला हवा होता. खऱ्या उत्तरापेक्षा तो ५,१८४ ने जास्त आहे, आणि ५,१८४ हे भाग ३ चं एकूण आहे. भाग ३ मध्ये दोन मोठे निवडताना ४ × ३ करून २ ने भागायचं राहिलं.

११,४२४ आलं. ५,७६० कमी पडले, म्हणजे भाग २ चे निम्मे. ‘दोन जण निवडले म्हणजे २ ने भागायचं’ या सवयीने तुम्ही २ × ४ लाही भागलंत.

१४,५९२ आलं. २,५९२ कमी, म्हणजे भाग ३ चे निम्मे. फटी निवडल्या, पण ताई कुठल्या फटीत आणि छोटू कुठल्या, ते ठरवलं नाही.

या पाचही चुकांत २ चा गुणाकार किंवा भागाकार चुकीच्या पायरीवर झाला आहे. माणसं जास्त असतील तर तिथे ३! किंवा ४! चा फरक दिसेल. उत्तर ६ पट आलं तर तिघांचा क्रम कुठेतरी जादा मोजला गेला आहे, आणि २४ पट आलं तर चौघांचा. ज्या पायरीवर नेमकी तितकी माणसं हाताळली होती, तिथे परत जा आणि त्यांतल्या दोघांची अदलाबदल करून बघा.